गल्फसाठी रेझ्युमे : व्हिसा, नोटीस आणि अनुभवाच्या ओळी आधी नीट करा

गल्फमधल्या एखाद्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीला पाच एचव्हीएसी, म्हणजे वातानुकूलनाचं काम करणारे, इंजिनिअर हवे असले की ती मुंबईच्या एजन्सीला मागणी पाठवते. एजन्सीत बसलेली व्यक्ती आलेले रेझ्युमे उघडते आणि एका एक्सेल शीटमध्ये माहिती भरत जाते : नाव, राष्ट्रीयत्व, सध्या कुठे आहे, व्हिसाची स्थिती, नोटीस पिरियड, एकूण अनुभव, त्यातला गल्फचा अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार. क्लायंटकडे पहिल्यांदा जाते ती ही शीट. तुमचा रेझ्युमे नंतर उघडला जातो, तोही शीटमधली तुमची ओळ पटली तर.

त्यामुळे तुमच्या रेझ्युमेचं पहिलं काम म्हणजे ही ओळ फोन न करता भरता यावी. नोटीस पिरियड कुठेच लिहिलेला नसेल तर शीट भरणारा तुम्हाला फोन करेलच असं नाही. समोर अजून शंभर रेझ्युमे पडलेले असतात, तो पुढच्याकडे वळतो. आपल्याकडच्या नोकरीसाठी बनवलेला रेझ्युमे 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'ने सुरू होतो आणि कामाची माहिती दुसऱ्या पानावर जाते. गल्फसाठी तो तसाच पाठवू नका.

व्हिसा, नोटीस आणि अनुभव हे वेगवेगळे प्रश्न वाटतात, पण विचारणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न एकच असतो : हा माणूस साइटवर कधी उभा राहील आणि त्याला आणायला किती खटपट पडेल? हे लक्षात ठेवलं की काय लिहायचं आणि काय नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं.

पुढे एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. समजा, पुण्यातला एक मेकॅनिकल डिप्लोमाधारक आहे, एचव्हीएसीचं काम करतो. अर्ज करायचाय जानेवारी २०२६ मध्ये, दुबईतल्या जागेसाठी. जाहिरात म्हणते : एचव्हीएसीचा किमान पाच वर्षांचा अनुभव, गल्फचा अनुभव असल्यास प्राधान्य, ४५ दिवसांत जॉइनिंग. त्याच्या जुन्या रेझ्युमेवर वर ठळक अक्षरात लिहिलंय, 'आठ वर्षांहून जास्त अनुभव'. व्हिसा आणि नोटीस यांचा पत्ता नाही.

आधी अनुभव महिन्यांत मोजा

अनुभव मोजताना बहुतेक जण पहिल्या नोकरीच्या वर्षापासून आजपर्यंत वजाबाकी करतात. चूक तिथेच होते. एक कागद घ्या आणि प्रत्येक नोकरीसमोर रुजू झाल्याचा महिना, सोडल्याचा महिना आणि मधले महिने लिहा. तारखा आठवणीने लिहू नका. अनुभवाचं प्रमाणपत्र, म्हणजे एक्स्पिरियन्स लेटर, समोर ठेवून लिहा.

आपल्या इंजिनिअरचा हिशेब असा निघतो. ऑगस्ट २०१७ ते जुलै २०१८ एका कारखान्यात अप्रेंटिस. ऑगस्ट २०१८ ते मार्च २०२१ डक्ट बनवणाऱ्या कंपनीत, हे ३२ महिने. मग करोनाच्या काळात पाच महिने घरी. सप्टेंबर २०२१ ते डिसेंबर २०२२ कतारला, वर्ल्ड कपच्या आधीच्या धामधुमीत, १६ महिने. प्रकल्प संपला आणि तो परत आला. एक महिना रिकामा गेला. फेब्रुवारी २०२३ पासून पुण्याच्या कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर, जानेवारी २०२६ धरून ३६ महिने.

अप्रेंटिसशिप अनुभवात धरायची नाही. प्रशिक्षण म्हणून वेगळी ओळ द्या, हरकत नाही. उरतात ३२, १६ आणि ३६, म्हणजे ८४ महिने, बरोबर सात वर्षं. त्यातली गल्फची एक वर्ष चार महिने.

आता गंमत बघा. जाहिरातीला पाच वर्षं हवी होती. सात असली काय आणि आठ असली काय, तो पात्रच आहे. तरीही त्या 'आठ'ने त्याचं नुकसान होऊ शकतं, कारण ऑफरच्या टप्प्यावर कंपनी अनुभवाची प्रमाणपत्रं मागते, ती जुळवून बघते आणि तिथे आठ बसत नाहीत. मग बाकीचं सगळं खरं असलं तरी प्रत्येक ओळीकडे संशयाने पाहिलं जातं. फायदा शून्य आणि धोका पुरा, असा हा सौदा आहे.

खरी अडचण येते ती आकडा जाहिरातीपेक्षा कमी पडतो तेव्हा. माझं मत असं : एकूण अनुभव तीनचार महिन्यांनी कमी असेल तर खरा आकडा लिहून अर्ज करावा, कारण चार वर्षं नऊ महिने बघून नाही म्हणणारे कमीच. पण जाहिरातीत 'गल्फचा किमान दोन वर्षांचा अनुभव' असं सक्तीचं लिहिलं असेल, तर आपल्या इंजिनिअरने त्या जागेवर वेळ घालवू नये. गल्फच्या अनुभवाची अट बहुधा प्रकल्पाच्या क्लायंटने किंवा कन्सल्टंटने घातलेली असते. कंपनीच्या मनात असलं तरी ती अट सैल करणं तिच्या हातात नसतं.

करोनातले पाच महिने लपवायची गरज नाही. नोकऱ्यांच्या तारखा महिना-वर्षासकट लिहा, म्हणजे गॅप दिसेल आणि समजेलही. फक्त वर्षं लिहून, म्हणजे '२०१८–२०२१' आणि '२०२१–२०२२' असं करून, गॅप झाकायची युक्ती भरती करणाऱ्यांना पाठ झालेली आहे. तसं दिसलं की ते नेमका तोच प्रश्न विचारतात.

हुद्द्याचं नावही प्रमाणपत्राशी जुळवा. प्रमाणपत्रावर 'सुपरवायझर' आणि रेझ्युमेवर 'इंजिनिअर' असं असेल तर गल्फमध्ये ते जास्त खुपतं, कारण तिथे वर्क परमिटवर व्यवसायाचं नाव छापलं जातं आणि ते शिक्षणाशी जुळावं लागतं. सौदीला इंजिनिअर म्हणून जायचं असेल तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते, तिथेही कागद तपासले जातात. काम इंजिनिअरचं केलं असेल तर ते खाली कामाच्या वर्णनात येऊ द्या. हुद्दा कागदावर आहे तोच ठेवा.

व्हिसाची ओळ : जिथे आहात तेच लिहा

भारतातून अर्ज करणारे ही ओळ सोडून देतात किंवा 'लागू नाही' असं लिहितात. दोन्हीतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुम्ही भारतात आहात आणि कंपनीला तुमच्यासाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा काढावा लागेल, एवढं सरळ लिहा. यात कमीपणा काही नाही. एजन्सीमार्फत निघणाऱ्या बहुतेक जागा भारतातूनच भरायच्या असतात.

सोबत पासपोर्टची एक ओळ द्या : वैधता कधीपर्यंत आणि ईसीआर की ईसीएनआर. दहावी पास असाल तर साधारणपणे तुमचा पासपोर्ट ईसीएनआर असतो. पासपोर्टवर 'ईसीएनआर' असा शिक्का शोधत बसू नका. एमिग्रेशन तपासणी आवश्यक असल्याची नोंद नसली की तो ईसीएनआर समजायचा. ही ओळ का हवी? ईसीआर पासपोर्टधारकाला नोकरीसाठी आखातातल्या सहाही देशांत जायचं तर सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देशाबाहेर जाण्याची मंजुरी, घ्यावी लागते, म्हणजे एक टप्पा वाढतो, आणि भरती करणाऱ्याला तो आधीच माहीत हवा असतो. पासपोर्ट नंबर मात्र रेझ्युमेवर लिहू नका. ऑफर येईपर्यंत त्याचं कोणालाच काम नसतं, आणि तुमचा रेझ्युमे किती हातांतून फिरतो हे तुम्हाला कळतही नाही.

पूर्वी गल्फमध्ये राहून आला असाल तर तो व्हिसा कसा संपला हेही एका ओळीत सांगा. आपल्या इंजिनिअरने 'कतारचा रेसिडेन्स परमिट डिसेंबर २०२२ मध्ये रद्द' असं लिहावं. सौदीहून आलेल्यांनी 'फायनल एक्झिट' आणि महिना-वर्ष लिहावं, कारण कायमचं बाहेर पडणं, म्हणजे फायनल एक्झिट, आणि रजेवर येऊन परतच न जाणं, हे नव्या कंपनीसाठी फार वेगळे प्रश्न आहेत.

जे आधीच तिकडे आहेत त्यांच्यासाठी ही ओळ अजून महत्त्वाची. व्हिजिट व्हिसावर असाल तर तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे लिहा, नुसतं 'व्हिजिट व्हिसा' नको. ती तारीख उलटली की रेझ्युमे शिळा झाला, म्हणून व्हिसा वाढवलात तर त्याच दिवशी ओळ बदला. आणि एक बजावून ठेवतो : व्हिजिट व्हिसावर 'आजपासून कामाला लाग, कागद मागाहून करू' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. परमिटशिवाय कामावर ठेवणाऱ्या मालकाला युएईत एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. असा धोका पत्करणारा मालक तुमचा पगार वेळेवर देईल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा वडिलांच्या स्पॉन्सरशिपवर राहत असाल तर ते आवर्जून लिहा. युएईत अशा व्यक्तीसाठी कंपनीला फक्त वर्क परमिट काढावं लागतं, रेसिडेन्स व्हिसाचा खर्च वाचतो. काही जाहिराती तर सरळ 'हजबंड व्हिसा असल्यास प्राधान्य' म्हणतात. सौदीत असाल तर 'ट्रान्स्फरेबल इकामा' हे शब्द रेझ्युमेवर हवेत, भरती करणारे तेच टाइप करून शोधतात. पण लिहिण्याआधी तो खरंच ट्रान्स्फर होऊ शकतो का हे सौदी सरकारच्या Qiwa पोर्टलवर बघून घ्या.

नोटीस पिरियड : आकडा खरा, सवलत वेगळी

सगळ्यात जास्त खोटं या ओळीत लिहिलं जातं. जाहिरातीत 'तातडीने जॉइन होणारे' वाचलं की हात 'इमिजिएट'कडे जातो. पण भारतात बसलेला, नोकरीत असलेला माणूस तातडीने जॉइन होऊच शकत नाही, कारण त्याचा व्हिसा निघायला वेळ लागतो. हे भरती करणाऱ्याला तुमच्याहून जास्त चांगलं माहीत असतं.

आणि इथेच भारतातल्या उमेदवाराच्या फायद्याची एक गोष्ट आहे, ती फारसं कोणी वापरत नाही. नोटीस आणि व्हिसाचं काम एकामागून एक होत नाही, दोन्ही एकाच वेळी चालू राहतं. तुम्ही नोटीस भरत असताना तिकडे परमिट आणि इकडे मेडिकल, कागद अटेस्ट करणं हे सगळं सुरू असतं. म्हणजे साठ दिवसांच्या नोटिशीतले बरेचसे दिवस तसेही व्हिसात जाणारच असतात. फोनवर विचारलं तर हे शांतपणे सांगा. वाद घालायला नको, समोरच्याला पटतं.

आपल्या इंजिनिअरच्या नियुक्तीपत्रात साठ दिवसांची नोटीस आहे आणि खाली एक कलम आहे : नोटिशीऐवजी तितक्या दिवसांचा पगार भरता येईल. हे कलम आहे म्हणून तो '६० दिवस, बायआउटने ४५' असं लिहू शकतो. कलम नसतं तर मॅनेजरच्या भरवशावर '४५' लिहिणं धोक्याचं ठरलं असतं. मॅनेजर आज हो म्हणतो, आणि राजीनामा हातात पडल्यावर त्यालाच माणूस मिळत नसतो. शिल्लक रजा नोटिशीत धरायची परवानगीही अनेक कंपन्यांत मॅनेजरच्या मर्जीवर असते, तेव्हा तिचा हिशेब रेझ्युमेत नको.

आता तारखा लावून बघू. समजा ऑफरवर सही १० फेब्रुवारीला झाली आणि राजीनामा ११ फेब्रुवारीला दिला. तोच दिवस पहिला धरला तर साठावा दिवस येतो ११ एप्रिलला आणि पंचेचाळिसावा २७ मार्चला. जाहिरातीची ४५ दिवसांची अट त्याला बायआउट केला तरच जमते, आणि त्यासाठी पंधरा दिवसांचा पगार खिशातून जाणार. हा खर्च कोण करणार हे त्याने अर्ज करतानाच मनाशी ठरवायला हवं. ऑफर आल्यावर कंपनीकडे मागून बघावा, मिळतोही कधी कधी, पण गृहीत धरू नये. रेझ्युमेवर मात्र यातली कुठलीच तारीख लिहायची नाही, फक्त दिवस लिहायचे. नोटीस ऑफरनंतर सुरू होणार असते, आणि ती कधी येईल हे कोणाला ठाऊक?

युएईतच नोकरी करत असाल तर नोटीस करारात बघा. २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे ती ३० ते ९० दिवसांची असते. प्रोबेशनमध्ये असाल तर एक बारकावा आहे : तिथेच दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर किमान एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर जुन्या कंपनीचा भरतीचा खर्च नव्या कंपनीने भरून द्यायचा असतो. म्हणून प्रोबेशनमध्ये असल्याचं रेझ्युमेवर नाही तरी पहिल्याच फोनवर सांगा. हा खर्च नंतर समोर आला तर ऑफर तिथेच अडकते.

सगळं एकत्र, पानाच्या वरच्या इंचभरात

आपल्या इंजिनिअरच्या रेझ्युमेत नाव, देशाच्या कोडसकट मोबाइल नंबर आणि ईमेल झाल्यावर लगेच हे यायला हवं :

```
HVAC Site Engineer | 7 years (GCC: 1 year 4 months, Qatar)
Current location: Pune, India | Nationality: Indian
Visa status: In India, employment visa required
             (Qatar RP cancelled Dec 2022)
Notice period: 60 days (45 with buyout, as per contract)
Passport: ECNR, valid until Aug 2031
```

हा मजकूर साध्या ओळींत टाइप करा. टेबलमध्ये, रंगीत पट्टीत किंवा चित्रात घातला तर पोर्टलचं सॉफ्टवेअर तो बऱ्याचदा वाचतच नाही आणि तुमच्या प्रोफाइलमध्ये ते रकाने कोरे राहतात. याची परीक्षा सोपी आहे : पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. वरच्या ओळी तिथे त्याच क्रमाने, तुटफूट न होता आल्या तर ठीक. नाही आल्या तर मांडणी बदला, मग ती कितीही देखणी असो.

डिप्लोमा अटेस्ट झाला असेल तर शिक्षणाच्या ओळीत तसं लिहा, पण कोणत्या देशासाठी झालाय तेही लिहा. कतारच्या दूतावासाचा शिक्का युएईसाठी चालत नाही, तो टप्पा नव्याने करावा लागतो.

यानंतर तेच आकडे नोकरीच्या पोर्टलांवर आणि लिंक्डइनवर जसेच्या तसे भरा. पोर्टलवर नोटिशीसाठी ठरावीक पर्याय असतात. तिथे 'दोन महिने' निवडा, बायआउटची गोष्ट रेझ्युमे सांगेल. काही पोर्टल एकूण अनुभव तुमच्या तारखांवरून स्वतःच मोजतात. अप्रेंटिसशिप तुम्ही तिथे नोकरी म्हणून भरली असेल तर पोर्टल आठ दाखवेल आणि रेझ्युमे सात, आणि हा फरक नेमका स्क्रीनिंगच्या वेळी नजरेत येतो.

एजंटने काय पाठवलं ते बघा

हा भाग नवख्यांना कोणी सांगत नाही. काही एजंट क्लायंटकडे पाठवण्याआधी तुमचा रेझ्युमे स्वतःच्या साच्यात टाइप करून घेतात आणि जाता जाता नोटीस ६० ची ३० करतात, गल्फचा अनुभव दोन वर्षांचा करतात. तुम्हाला पत्ताही नसतो. मग इंटरव्ह्यूत क्लायंट 'तुम्ही महिन्याभरात येताय ना?' विचारतो आणि तुम्ही गोंधळता. म्हणून एजंटला विनंती करा : 'साहेब, क्लायंटला पाठवलेली कॉपी मला व्हॉट्सअ‍ॅप कराल का?' सरळ एजंट पाठवतो. टाळाटाळ करणारा एजंट असेल तर इंटरव्ह्यूच्या सुरुवातीलाच तिन्ही आकडे स्वतः तोंडाने सांगून टाका.

त्या एजंटचं लायसन्स भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधून घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच आहे. 'रेझ्युमे शॉर्टलिस्ट करून देतो' म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याकडे रेझ्युमेतल्या या ओळी कितीही सुंदर लिहून दिल्या तरी त्यांचा काही उपयोग नाही.

पहिला फोन आला की विचारणा याच क्रमाने होते : सध्या कुठे आहात, व्हिसा कोणता, किती दिवसांत याल, गल्फचा अनुभव किती. उत्तरं रेझ्युमेतल्या ओळींसारखीच आणि तेवढीच छोटी द्या. 'कदाचित लवकरही येऊ शकेन' असं बोलून गेलात तर समोरचा शीटमध्ये 'लवकर' हेच लिहितो. आणि तोंडी होकारावर राजीनामा देऊ नका, कितीही घाई केली तरी. पगार, हुद्दा आणि कामाचं ठिकाण लिहिलेली सहीची ऑफर हातात येऊ द्या, तिच्यातला हुद्दा रेझ्युमेशी ताडून बघा आणि मगच नोटिशीचा पहिला दिवस मोजायला लागा.